चढ केवढा, पायरी केवढी?

जुलै १९८३ मध्ये निन्टेन्डोने जपानमध्ये फॅमिकॉम नावाचा, टीव्हीला जोडून खेळायचा व्हिडिओ गेम विक्रीला आणला. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या दुकानांत जे स्वस्त टीव्ही गेम मिळत, ते बहुतेक याच यंत्राच्या नकला होते. कार्ट्रिजवर ‘९९९९ खेळ’ असं छापलेलं असे आणि आत निघत मोजकेच, नावं बदलून पुन्हा पुन्हा आलेले. या यंत्राच्या चिपमध्ये आवाजाचे पाच मार्ग होते. चार मार्ग स्वतःच सूर आणि खरखर तयार करत. पाचवा मात्र खरा, रेकॉर्ड केलेला आवाज वाजवू शकत असे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’मधले ढोलासारखे ठोके याच मार्गाने येतात.

रेकॉर्ड केलेला आवाज ठेवायला जागा लागते, आणि जागा फारच थोडी होती. पहिल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा अख्खा खेळ, चित्रांसकट, ४० किलोबाइटांत बसवलेला आहे. एका सेकंदात ३३ हजार वेळा आवाजाची उंची मोजून प्रत्येक मापाला एक बाइट दिला, तर एका सेकंदाच्या आवाजालाच ३३ किलोबाइट जातील. म्हणून चिप बनवणाऱ्यांनी प्रत्येक मापाला आठ बिटांऐवजी एकच बिट दिला. त्यामुळे तोच एक सेकंद चार किलोबाइटांत मावू लागला. एकाच बिटात आवाज बसवण्याच्या या पद्धतीला डेल्टा मॉड्युलेशन म्हणतात. ती फॅमिकॉमपेक्षा बरीच जुनी आहे. आयटीटी कंपनीच्या पॅरिसमधल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या देलोरेन, व्हान मिर्लो आणि देर्जाविच यांनी १९४६ मध्ये तिचं फ्रेंच पेटंट घेतलं होतं. पण ती कुठे चालते आणि कुठे अडखळते हे या खेळण्यात जितकं उघडं दिसतं, तितकं टेलिफोनच्या यंत्रणेत दिसत नाही.

एका बिटात शून्य किंवा एक एवढंच मावतं. त्यात आवाजाची उंची लिहिता येत नाही, पण ‘आता वर जा’ किंवा ‘आता खाली जा’ एवढं सांगता येतं. फॅमिकॉमच्या पाचव्या मार्गात ० ते १२७ मोजणारा एक काउंटर आहे आणि त्याचा आकडा म्हणजे त्या क्षणीची आवाजाची उंची. बिट १ आला की काउंटर २ ने वाढतो, ० आला की २ ने घटतो. ही दोनची पायरी चिपमध्येच पक्की बसवलेली आहे, ती कुणालाही बदलता येत नाही. बिट किती वेगाने यावेत यासाठी मात्र सोळा वेग दिलेले आहेत. सर्वांत जलद वेगात सेकंदाला सुमारे ३३,१४४ बिट येतात, सर्वांत मंद वेगात सुमारे ४,१८२.

बिटांची ही माळ आधीच तयार करून कार्ट्रिजमध्ये भरतात. ती करण्याची रीत साधी आहे. समजा काउंटर ६४ वर आहे आणि मूळ आवाजाची उंची एकेका टिकेला ६५, ६७, ७०, ७२, ७२, ७२, ७२ अशी जाते. पहिल्या टिकेला ६५ हे ६४ पेक्षा मोठे, म्हणून १ लिहायचा आणि काउंटर ६६ वर न्यायचा. पुढे ६७ हे ६६ पेक्षा मोठे, पुन्हा १, काउंटर ६८. मग ७० साठी १, काउंटर ७०. मग ७२ साठी १, काउंटर ७२. पाचव्या टिकेला आवाज ७२ वरच आहे आणि काउंटरही ७२ वर आहे. पण ‘थांब’ असा बिटच नाही. वर जायचं कारण नाही म्हणून ० लिहावा लागतो आणि काउंटर ७० वर उतरतो. सहाव्या टिकेला १, पुन्हा ७२. सातव्याला ०, पुन्हा ७०. माळ तयार झाली: ११११०१०.

या सात बिटांत सगळा विषय आला आहे. पहिले चार एक म्हणजे काउंटर आवाजाचा पाठलाग करतोय. शेवटचे ०१० म्हणजे आवाज स्थिर आहे, पण काउंटरला स्थिर राहता येत नाही, म्हणून तो जागच्या जागी वर-खाली होतोय. मूळ आवाजात नसलेली ही वर-खाली होण्याची थरथर म्हणजे ग्रॅन्युलर नॉइज. पायरी जितकी मोठी, तितकी ही थरथर मोठी. पहिल्या चार बिटांत काउंटर आवाजाला गाठू शकला, कारण चढ बेताचा होता. आता समजा आवाज एकाच टिकेत ६४ वरून ८४ वर उडाला. काउंटरला तिथे पोहोचायला दहा टिका लागतील, म्हणजे सर्वांत जलद वेगातही सेकंदाचे सुमारे तीन दशसहस्रांश. तोवर आवाज ८४ वरून खाली आलासुद्धा असेल. मधल्या काळात काउंटर मागे राहिला आणि तिथला आवाज हरवला. हा स्लोप ओव्हरलोड. पायरी जितकी लहान, तितका तो लवकर होतो.

म्हणजे दोन्ही दोष एकाच पायरीच्या दोन टोकांना बांधलेले आहेत. एक कमी करायला जावं तर दुसरा वाढतो. पाठ्यपुस्तकं साधारण इथवर सांगतात आणि मग ‘योग्य पायरी निवडावी’ असं म्हणून पुढे सरकतात. योग्य म्हणजे किती, हे ठरवायचं तर आधी काउंटर जास्तीत जास्त केवढा चढ चढू शकतो ते पाहायला हवं.

हे गणित सोपं आहे. एका टिकेला २, सेकंदाला ३३,१४४ टिका, म्हणजे काउंटर सेकंदाला फार तर ६६,२८८ घरं चढेल. आता आवाजाकडे बघू. शुद्ध सुराची लाट सर्वांत जास्त उभी असते ती मधली रेषा ओलांडताना. तिथला चढ दोन गोष्टींवर ठरतो: लाट किती उंच आहे आणि सेकंदाला किती वेळा येते. उंची दुप्पट केली तर चढ दुप्पट होतो, वारंवारता दुप्पट केली तरीही दुप्पट होतो. या दोघांचा गुणाकार करून त्याला ६.२८ ने, म्हणजे पायच्या दुपटीने गुणलं की सर्वांत मोठा चढ मिळतो. काउंटरची मधली जागा ६४ धरली तर लाटेला वर आणि खाली सुमारे ६३ घरं मोकळी आहेत. एवढी पूर्ण उंचीची लाट काउंटरला कुठल्या सुरापर्यंत झेपेल? ६६,२८८ ला ६३ ने आणि ६.२८ ने भागलं की उत्तर येतं सुमारे १६७ हर्ट्झ. हा पुरुषाच्या साध्या बोलण्यातल्या मूळ स्वराच्या आसपासचा आकडा आहे. १,००० हर्ट्झच्या सुराला फक्त साडेदहा घरांची उंची परवडते आणि ३,००० हर्ट्झच्या सुराला साडेतीन घरांची, म्हणजे दोन पायऱ्यासुद्धा नाहीत.

डेल्टा मॉड्युलेशनमध्ये नुसता मोठा आवाज अडचणीचा नसतो, उभा आवाज अडचणीचा असतो. १०० हर्ट्झचा घुमणारा ठोका पूर्ण उंचीने वाजवला तरी त्याचा चढ ३९,६०० च्या आसपास राहतो आणि काउंटरला सहज झेपतो. झांजेच्या आवाजाचं तसं नाही, तो हळू वाजवला तरी काउंटर मागे पडतो. मारिओच्या तिसऱ्या भागात या मार्गाला ढोलाचं काम मिळालं ही निवड यंत्राला साजेशीच आहे.

पूर्ण उंचीचा १,००० हर्ट्झचा सूर हट्टाने दिला तर काय होतं, तेही पाहण्यासारखं आहे. सुराच्या एका आवर्तनाला ३३ टिका मिळतात. त्यातल्या सोळा-सतरा टिका काउंटर नुसता चढत राहतो, तेवढ्याच टिका उतरत राहतो. गोल लाटेच्या जागी सरळ बाजूंचा त्रिकोण तयार होतो. त्याची उंची ६३ ऐवजी सुमारे साडेसोळा घरं भरते आणि तो मूळ सुराच्या मागे मागे चालतो. सूर ओळखू येतो, पण दबलेला आणि बोथट. ऑसिलोस्कोपवर गोल लाटेऐवजी असा त्रिकोण दिसला की पायरी लहान पडली असं बेलाशक म्हणावं. ऑसिलोस्कोप नसला तरी बिटांची माळ पुरते. एकासारख्या एक बिटांच्या लांब ओळी म्हणजे ओव्हरलोड. नुसतं ०१०१०१ म्हणजे थरथर. कानानेही दोन्ही वेगळे कळतात. ओव्हरलोडमध्ये शब्दांच्या कडा झिजतात आणि आवाज जाड कापडातून यावा तसा येतो. थरथर मात्र शब्दांच्या मधल्या शांततेत, शिसकारीसारखी ऐकू येते.

फॅमिकॉमवर काम करणाऱ्याच्या हातात पायरी नव्हतीच. त्याच्याकडे दोनच उपाय होते. मूळ आवाज आधीच हळू करून घ्यायचा, म्हणजे चढ कमी होतो. पण मग सूर पाच-सहा पायऱ्यांत मावतो आणि दोनची थरथर त्याच्या मानाने फार मोठी होते. नाहीतर टिकांचा वेग वाढवायचा, म्हणजे जागा जास्त जाते. एका आवाजाची लांबी ४,०८१ बाइटांपर्यंतच चालते, त्यामुळे सर्वांत जलद वेगात एक सेकंदसुद्धा पुरा भरत नाही. जागा वाचवायला सर्वांत मंद वेग घेतला तर आणखी एक त्रास उभा राहतो. आवाज थांबला असताना ०१०१ अशी माळ चालू असते आणि तिची वारंवारता टिकांच्या निम्मी असते. जलद वेगात ती १६,५०० हर्ट्झच्या पुढे जाते, मोठ्या माणसांच्या कानाला ती जेमतेम लागते. मंद वेगात ती सुमारे २,०९० हर्ट्झवर येते, आणि तिथे आपला कान चांगलाच तिखट असतो. शांततेच्या जागी शिट्टी वाजते. काही खेळांनी कंटाळून बिटांची माळ सोडूनच दिली आणि काउंटरमध्ये थेट आकडे लिहून आवाज वाजवला. पण मग प्रोसेसर पूर्णपणे त्यातच गुंततो आणि पडद्यावरचा खेळ थांबतो.

आता पायरी आपल्या हातात आहे असं धरू आणि टेलिफोनकडे वळू. मूळ पद्धत बोलण्यासाठीच शोधलेली होती. टेलिफोनवर ३,४०० हर्ट्झपर्यंतचा आवाज जातो. समजा बोलण्याची लाट जास्तीत जास्त १ व्होल्ट उंच आहे आणि सेकंदाला ६४,००० टिका आहेत. पायरी किती ठेवावी? नियम असा:

Δ = 2π f A / fs

यात Δ म्हणजे पायरी, f म्हणजे सुराची वारंवारता, A म्हणजे लाटेची उंची आणि fs म्हणजे सेकंदाला टिका. सावध माणूस म्हणेल, वाईटात वाईट धरा: ३,४०० हर्ट्झ, पूर्ण १ व्होल्ट. आकडे घातले की पायरी येते सुमारे ०.३३ व्होल्ट. एक व्होल्टच्या लाटेला तीनच पायऱ्या! ओव्हरलोड कधीच होणार नाही, पण थरथर इतकी मोठी राहील की ऐकणारा वैतागेल.

फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या एफ. डी यागर यांनी १९५२ मध्ये या विषयावरचा जो निबंध लिहिला, त्यातलं एक निरीक्षण इथे फार उपयोगी पडतं. माणसाच्या बोलण्यात मोठी ताकद असते ती खालच्या सुरांत, स्वरांमध्ये. वरच्या सुरांत, स आणि श सारख्या व्यंजनांत, लाटा झरझर येतात पण त्यांची उंची कमी असते. म्हणजे ३,४०० हर्ट्झची पूर्ण १ व्होल्टची लाट बोलण्यात येतच नाही. यागर यांच्या अनुभवात ८०० हर्ट्झचा पूर्ण उंचीचा सूर ओव्हरलोडशिवाय गेला की बोलणंही ठीक जातं. मग नियमात ३,४०० च्या जागी ८०० घालायचे. ६.२८ गुणिले ८०० गुणिले १ म्हणजे चढ सेकंदाला सुमारे ५,०२७ व्होल्ट. त्याला ६४,००० ने भागलं की पायरी ०.०७९ व्होल्ट. आधीच्या पायरीच्या चौथ्या हिश्शाहूनही लहान.

यातून काय मिळालं ते मोजता येतं. थरथरीची ताकद पायरीच्या वर्गाप्रमाणे वाढते. पायरी सव्वाचार पट लहान झाली, म्हणून थरथर अठरा पट घटली. ही थरथर टिकांच्या वारंवारतेपर्यंत, म्हणजे ६४,००० हर्ट्झपर्यंत साधारण सारखी पसरते. ऐकणाऱ्याच्या बाजूला ३,४०० च्या वरचं सगळं गाळून टाकणारा फिल्टर असतो, त्यामुळे तिचा सुमारे एकोणिसावा हिस्साच कानापर्यंत येतो. हिशोब पुरा केला तर ८०० हर्ट्झच्या त्या सुराची ताकद उरलेल्या थरथरीच्या साधारण साडेचार हजार पट भरते, म्हणजे ३६-३७ डेसिबल. सावध माणसाच्या ०.३३ व्होल्टच्या पायरीला जेमतेम २४ डेसिबल मिळाले असते. टिका दुप्पट केल्या तर पायरी निम्मी चालते आणि फिल्टरमधून सुटणारा हिस्साही निम्मा होतो, म्हणून थरथर आठ पट घटते. उलट टिका निम्म्या केल्या तर ती आठ पट वाढते. १६,००० टिकांवर हेच गणित अठरा-साडेअठरा डेसिबलांवर येऊन थांबतं.

पण ८०० हर्ट्झ हा सूर एक आधार झाला. गाणं, हृदयाचा आलेख, यंत्राच्या कंपनाची नोंद यांना तो लागू पडणार नाही. तिथे आपल्या सिग्नलचा चढच मोजावा. लागोपाठच्या दोन मापांतला फरक घ्यायचा, त्याला मधल्या काळाने भागायचं, असे सगळे चढ वर्ग करून त्यांची सरासरी काढायची आणि तिचं वर्गमूळ घ्यायचं. हा झाला नेहमीचा चढ. सर्वांत मोठा चढ धरून पायरी ठरवू नये, कारण तो क्षणभरच येतो आणि त्याच्यासाठी बाकीचा सगळा वेळ मोठी थरथर सोसावी लागते. १९६७ मध्ये जे. ई. अबाटे यांनी यासाठी एक ठोकताळा दिला. पायरी आणि टिकांचा गुणाकार, म्हणजे काउंटर चढू शकणारा चढ, नेहमीच्या चढाच्या किती पट असावा हे त्यांनी टिकांच्या वेगाशी जोडलं. टिकांना फिल्टरच्या मर्यादेने भागायचं आणि त्या आकड्याचा नैसर्गिक लॉगरिथम घ्यायचा. आपल्या उदाहरणात ६४,००० ला ३,४०० ने भागले की १८.८ आणि त्याचा लॉगरिथम २.९३. नेहमीच्या चढाच्या साधारण तीन पट झेपेल अशी पायरी ठेवा, असा त्याचा अर्थ. समजा एखाद्या रेकॉर्डिंगचा नेहमीचा चढ सेकंदाला १,७०० व्होल्ट निघाला. त्याची २.९३ पट म्हणजे ४,९८१, आणि ६४,००० ने भागल्यावर पायरी ०.०७८ व्होल्ट. क्वचित एखादा चढ त्यापेक्षाही उभा येईल, तिथे ओव्हरलोड होईल. तो होऊ द्यायचा.

पायरी बदलत नेली आणि दर वेळी आवाज किती शुद्ध आला ते मोजलं, तर डोंगरासारखी रेघ मिळते, पण तिच्या दोन बाजू सारख्या नसतात. योग्य पायरीपेक्षा मोठी पायरी घेत गेलं की उतार सावकाश असतो, पायरी दुप्पट केली की सहा डेसिबलांचं नुकसान. लहान पायरीच्या बाजूला मात्र कडा आहे. थोडं पुढे गेलं की ओव्हरलोड झपाट्याने वाढतो. त्यामुळे नेमका चढ ठाऊक नसेल तर पायरी जरा मोठीच ठेवावी, असा सल्ला मीटरकडे बघणारा कुणीही देईल.

कान मात्र वेगळं सांगतो. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून बेल प्रयोगशाळेत गेलेले एन. एस. जयंत आणि त्यांचे सहकारी ए. ई. रोझेनबर्ग यांनी १९७१ मध्ये नेमकं हेच तपासलं. बोलणं ऐकणाऱ्यांना ओव्हरलोडचा बिघाड थरथरीच्या बिघाडापेक्षा कमी त्रासदायक वाटतो, असं त्यांना आढळलं. मीटर ज्या पायरीला उत्तम ठरवतो, त्याहून थोडी लहान पायरी कानाला बरी वाटते. कारण पटण्यासारखं आहे. ओव्हरलोड होतो तो आवाज जोरात असताना, आणि तो बोलण्याच्या सोबतच येतो-जातो, त्यामुळे झाकला जातो. थरथर मात्र शांततेतही चालूच राहते, आणि शांततेत तिला झाकायला काहीच नसतं.

तेव्हा पायरी कुणासाठी निवडायची हे आधी ठरवायला हवं. बोलणं ऐकायचं असेल तर मी कानाच्या बाजूने, म्हणजे लहान पायरीकडे झुकेन. ईसीजीसारख्या नोंदीत मात्र उलट. तिथे हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला एक उंच, अरुंद टोक येतं आणि त्याची उंची व रुंदी डॉक्टर मोजतात. ओव्हरलोडने ते टोक बुटकं आणि फुगीर झालं तर नोंदच खोटी ठरते. सपाट भागातली बारीक थरथर डोळ्याला कळते आणि फिल्टरने पुष्कळशी जातेही. बुटकं झालेलं टोक मात्र कुठल्याही फिल्टरने परत उंच होत नाही. अशा ठिकाणी सर्वांत उभा चढ धरूनच पायरी ठरवावी आणि टिका वाढवून थरथर आवरावी.

एवढं करूनही एक अडचण राहतेच. आपली ०.०७९ व्होल्टची पायरी १ व्होल्टने बोलणाऱ्यासाठी काढलेली आहे. दुसरा कुणी हळू बोलणारा असेल, त्याची लाट ०.१ व्होल्टची असेल, तर थरथर तेवढीच राहते आणि आवाज वीस डेसिबलांनी खाली येतो. ३६ च्या जागी १६ उरतात. लाट पायरीच्या निम्म्याहूनही लहान झाली, तर ती काउंटरच्या वर-खाली होण्याच्या आतच राहते. माळेत ०१०१ शिवाय काही निघत नाही आणि पलीकडच्याला काहीच ऐकू येत नाही. एक ठरीव पायरी मोठ्याने बोलणारा आणि हळू बोलणारा या दोघांना पुरत नाही, मग ती कितीही विचार करून काढलेली असो.

यावर तोड निघाली ती बिटांच्या माळेतूनच. लागोपाठ सारखे बिट आले म्हणजे काउंटर मागे पडतोय, हे आपण वर पाहिलं. तसं झालं की पायरी वाढवायची. नाही झालं की ती हळूहळू आपोआप लहान होऊ द्यायची. पायरी किती झाली हे पलीकडे वेगळं कळवावं लागत नाही, कारण तीच माळ ऐकणाऱ्याच्या यंत्रालाही मिळते आणि तेही तोच नियम पाळतं. फिलिप्समधले ग्रीफकेस आणि रीमेन्स यांनी १९७० मध्ये मांडलेली या जातीची पद्धत पुढे सीव्हीएसडी या नावाने लष्करी रेडिओंत सेकंदाला १६,००० आणि ३२,००० बिटांवर चालली. माळेतला एखादा बिट वाटेत चुकला तरी दोन पायऱ्यांएवढीच चूक होते आणि ती काही वेळात विरून जाते. गोंगाटाच्या रेडिओवर हा गुण फार मोलाचा.

हीच पद्धत पुढे ब्लूटूथने घेतली. तिथे सेकंदाला ६४,००० बिट जातात. लागोपाठ चार बिट सारखे आले की पायरी १० ने वाढते, नाहीतर ती सुमारे १६ मिलिसेकंदांच्या ओघाने उतरत जाते. १६ बिटांच्या मोजपट्टीवर, म्हणजे वर-खाली साधारण ३२,७६८ घरांच्या जागेत, सर्वांत लहान पायरी १० घरांची आणि सर्वांत मोठी १,२८० घरांची. मोठ्या पायरीने पूर्ण उंचीची लाट सुमारे ४०० हर्ट्झपर्यंत पेलता येते, आणि शांततेत थरथर १० घरांपुरतीच उरते. पुढे ब्लूटूथ कॉलसाठी अधिक चांगल्या आवाजाची दुसरी पद्धत आली, पण हँड्स-फ्री कॉलच्या नियमांत सीव्हीएसडी अजूनही सक्तीची आहे. फोन आणि हेडसेट यांपैकी एकालाही नवी पद्धत येत नसेल, तर कॉल याच एका बिटावर चालतो.